पिव्होट टेबल काढण्याआधी: एकाच चटणीची आठ नावं एकत्र कशी आणायची



मागच्या आठवड्यात पिव्होट टेबलचा व्हिडिओ टाकला. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, पिव्होट निघतो, पण एकच माल चार-पाच वेळा दिसतो. काय करायचं?" याचं उत्तर पिव्होटमध्ये नाही, त्याच्या आधीच्या कामात आहे. व्हिडिओत ते काम दहा मिनिटांत दाखवलंय. इथे ते सावकाश, एका फाईलवर, आकड्यांसकट करू.

फाईल आपल्या बॅचमधल्या एका ताईंची आहे. घरगुती चटण्या आणि गोडा मसाला, पाकिटात भरून विक्री. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांची नोंद, 412 ओळी. ग्राहकांची नावं आणि नंबर काढून टाकलेत, बाकी सगळं जसंच्या तसं. नोंद दोघं करतात. ताई मोबाईलवर मराठी कीबोर्डने लिहितात, मुलगा कॉलेजातून आला की लॅपटॉपवर इंग्रजीत लिहितो. काही ऑर्डर व्हॉट्सॲपवरून सरळ कॉपी केलेल्या. म्हणजे आपल्यापैकी निम्म्या लोकांची असते तशीच फाईल.

ताईंचा प्रश्न साधा होता. दिवाळीचा फराळही करायचा आहे, हात दोनच, त्यामुळे पाचपैकी दोन माल बंद करायचे. कोणते? त्यांनी पिव्होट काढला आणि मोठ्या आकड्यांच्या पाच ओळी अशा दिसल्या:

| माल | विक्री (₹) |
|---|---|
| गोडा मसाला | 25,900 |
| जवस चटणी | 14,600 |
| कारळा चटणी | 9,500 |
| खोबऱ्याची चटणी | 8,200 |
| शेंगदाणा चटणी | 7,400 |

"मग काय, शेंगदाणा आणि खोबरं बंद करते. दाणे भाजायचा तापही वाचेल," ताई म्हणाल्या. दाण्याच्या व्यापाऱ्याला या वेळी पोतं नको म्हणून कळवायचंच बाकी होतं.

पण या पाच ओळींच्या खाली आणखी 26 ओळी होत्या. छोटे छोटे आकडे, म्हणून कुणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. पाच माल आणि पिव्होटमध्ये 31 ओळी. तिथेच थांबायला हवं.

आधी मूळ फाईल बाजूला ठेवा

खालच्या शीटच्या नावावर राइट क्लिक करा, `Duplicate` निवडा. मूळ शीटचं नाव `mul` ठेवा आणि तिला परत हात लावू नका. सगळं काम प्रतीवर. आणि साफ केलेली गोष्ट जुन्या कॉलमवर चढवायची नाही, बाजूला नवा कॉलम करायचा. जुना आणि नवा शेजारी असले की काय बदललं ते दिसतं, चुकलं तर परत जाता येतं.

आपल्या फाईलमध्ये कॉलम असे आहेत: A तारीख, B ग्राहक, C मोबाईल, D माल, E नग, F रक्कम, G पेमेंट. डेटा ओळ 2 पासून 413 पर्यंत. मी गूगल शीटमध्ये करतोय. एक्सेलमध्ये काही सूत्रं सोडली तर बाकी तसंच चालतं.

काम सुरू करण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा: ओळी किती, रकमेची बेरीज किती, आणि मालाची वेगवेगळी नावं किती. आपल्याकडे ते होते 412, ₹98,640 आणि 31. प्रत्येक पायरीनंतर हे तीन आकडे परत बघायचे. हा आपला गल्ला मोजण्यासारखा हिशेब आहे. पायरी संपल्यावर जो आकडा हलायला नको तो हलला असेल, तर त्याच पायरीत काहीतरी बिघडलंय.

बेरीज तरी पूर्ण आहे का?

मालाकडे जाण्याआधी रकमेचा कॉलम, कारण पुढची सगळी तपासणी याच बेरजेवर उभी राहणार आहे. कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे लिहा:

```
=COUNTA(F2:F413)-COUNT(F2:F413)
```

`COUNTA` भरलेले सगळे सेल मोजतं, `COUNT` फक्त आकडे मोजतं. फरक शून्य यायला हवा. आपल्याकडे आला 6. म्हणजे सहा ओळींत रक्कम आकडा म्हणून नाही, अक्षरं म्हणून बसली होती. कुणी `240/-` लिहिलेलं, कुणी `180 baki`. बिलबुकात "240/-" लिहायची आपली सवय जुनी आणि चांगली आहे, पण शीटला तो शब्द वाटतो. आणि `SUM` असे शब्द गुपचूप सोडून देतं. लाल खूण नाही, एरर नाही, बेरीज कमी येते एवढंच.

त्या सहा ओळी शोधायला `Conditional formatting` मध्ये `=ISTEXT($F2)` टाका, रंग लागेल. सहाच असतील तर हाताने दुरुस्त करा. "बाकी" सारखी माहिती असेल तर ती पेमेंटच्या कॉलममध्ये हलवा, पुसू नका, ती उधारी आहे. ही दुरुस्ती झाल्यावर आपली बेरीज ₹1,00,200 झाली. म्हणजे ₹1,560 ची विक्री आतापर्यंत हिशेबातच नव्हती.

हा आकडा आता पक्का धरून ठेवा. पुढे नावं साफ करताना ₹1,00,200 मधला एक रुपयाही हलता कामा नये.

न दिसणारी मोकळी जागा

आता मालाचा कॉलम. पिव्होटमध्ये "शेंगदाणा चटणी" दोनदा दिसत होतं, एकाखाली एक, अक्षरन् अक्षर सारखं. एकात ₹7,400, दुसऱ्यात ₹2,400. फरक एवढाच की दुसऱ्यात शब्द संपल्यावर एक स्पेस होती. मोबाईलचा कीबोर्ड सुचवलेला शब्द टाकताना पुढे स्वतःहून स्पेस देतो, ती तशीच राहते. डोळ्याला दिसत नाही, शीटला दिसते.

नवा कॉलम H करा, त्यात:

```
=TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2,UNICHAR(160)," "),CHAR(10)," "))
```

हे आतून बाहेर वाचा. `TRIM` पुढची-मागची स्पेस काढतं आणि शब्दांच्या मध्ये दोन-तीन स्पेस असतील तर एकच ठेवतं. मग आत दोन `SUBSTITUTE` कशाला? कारण वेबपेजवरून किंवा ईमेलमधून कॉपी केलेल्या मजकुरात कधीकधी वेगळ्या जातीची स्पेस येते, तिचा क्रमांक 160. ती दिसते स्पेससारखीच, पण `TRIM` तिला हात लावत नाही. गूगल शीटमधलं `Data > Data cleanup > Trim whitespace` हे बटणसुद्धा तिला सोडून देतं. म्हणून आधी तिला साधी स्पेस बनवायची, मग `TRIM`. दुसरा `SUBSTITUTE` एंटरसाठी. व्हॉट्सॲपच्या ऑर्डरमध्ये "शेंगदाणा" एका ओळीवर आणि "चटणी" पुढच्या ओळीवर असते, ते तसंच एका सेलमध्ये येतं.

काही जण इथे `CLEAN` वापरतात. त्याने एंटर जातो, पण त्याच्या जागी काहीच येत नाही, आणि "शेंगदाणाचटणी" असा नवाच जोडशब्द तयार होतो. एक खोटं नाव काढायला गेलात आणि दुसरं जन्माला आलं. म्हणून एंटरच्या जागी स्पेस भरणं बरं.

सूत्र खाली ओढा आणि वेगवेगळी नावं परत मोजा:

```
=COUNTUNIQUE(H2:H413)
```

31 ची 23 झाली. बेरीज ₹1,00,200, ओळी 412. काही हललं नाही. पुढे चला. एक्सेलमध्ये `COUNTUNIQUE` नाही, तिथे H कॉलमवर नवा पिव्होट काढून त्याच्या ओळी मोजल्या तरी चालतं.

आपल्या मराठीचा खास गुंता

23 नावांची यादी बघताना "खोबऱ्याची चटणी" अजूनही दोनदा होतं. एकात ₹8,200, दुसऱ्यात ₹7,300. स्पेस तर काढली. मग?

अशा वेळी `LEN` वापरा. ते सेलमध्ये किती खुणा आहेत ते मोजतं. एका "खोबऱ्याची चटणी"ची लांबी आली 14, दुसरीची 15. दिसायला एकच, आतून एक खूण जास्त.

कारण "ऱ्य" हे जोडाक्षर. "खोबऱ्या", "दुसऱ्या", "कैऱ्या" यातला हा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर वापरतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारी जोडखूण टाकतात, तिचा क्रमांक 8205. पडद्यावर दोन्हींचा आकार सारखा. ताईंचा फोन एक पद्धत वापरत होता, व्हॉट्सॲपवर ऑर्डर पाठवणाऱ्या काही ग्राहकांचे फोन दुसरी. इंग्रजीत शिकवलेल्या एक्सेल कोर्समध्ये हे सहसा सांगत नाहीत, कारण त्यांना हा त्रासच नसतो.

उपाय एका ओळीचा आहे. H मधल्या सूत्राला बाहेरून हे आवरण घाला:

```
=SUBSTITUTE(TRIM(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2,UNICHAR(160)," "),CHAR(10)," ")),"र्"&UNICHAR(8205),"ऱ्")
```

म्हणजे र, हलन्त आणि जोडखूण एकत्र दिसले की त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. फक्त 8205 ची खूण सरसकट पुसून टाकू नका. ती गेली की "खोबऱ्याची"चं "खोबर्याची" होतं, र वर चढून रफार बनतो, आणि तिसरं स्पेलिंग तयार होतं. यानंतर नावं 22.

कैरी, लोणची, कोऱ्या कापडाचा धंदा, ज्यांच्या मालाच्या नावात किंवा गावाच्या नावात हे जोडाक्षर आहे त्यांनी ही पायरी सोडू नये.

स्पेलिंग जुळवायची: यादी करा, फाइंड-रिप्लेस नको

आता उरली ती खरीखुरी वेगळी नावं. शेंगदाणा चटणीचीच बघा:

| फाईलमधलं नाव | विक्री (₹) |
|---|---|
| शेंगदाणा चटणी | 9,800 |
| शेंगदाण्याची चटणी | 6,700 |
| Shengdana chutney | 4,100 |
| दाण्याची चटणी | 3,200 |
| शेंगदाणे चटणी | 2,400 |
| Shengdana chatni | 1,100 |
| Peanut chutney | 700 |
| शेंग चटणी | 400 |

आठही नावं बरोबर आहेत. कुणीही अशुद्ध लिहिलेलं नाही. ग्राहक जसं म्हणाले तसं लिहिलं गेलं. सगळं मिळून ₹28,400.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण यात धंद्याचा धडा आहे. कारळ्याच्या चटणीला अख्ख्या फाईलमध्ये दोनच नावं होती, जवसालाही दोनच. शेंगदाण्याला आठ आणि खोबऱ्याला सहा. हा योगायोग नाही. जो माल जास्त घरांत जातो, वेगवेगळ्या गावचे, वेगवेगळ्या वयाचे लोक मागतात, त्याला नावंही जास्त पडतात. म्हणजे विस्कटलेल्या फाईलमध्ये नुकसान सगळ्यांचं सारखं होत नाही. तुकडे बहुतेक तुमच्या चालणाऱ्या मालाचे होतात, आणि न चालणारा माल एकसंध राहून मोठा दिसतो. ताईंच्या पिव्होटमध्ये नेमकं तेच झालं होतं.

पहिला मोह होतो तो फाइंड-रिप्लेसचा. "दाण्याची चटणी" शोधा, तिथे "शेंगदाणा चटणी" टाका. करून बघा. "शेंगदाण्याची चटणी"च्या पोटातही "दाण्याची चटणी" आहेच, त्यामुळे तिचं होईल "शेंगशेंगदाणा चटणी". शिवाय महिन्याभराने कुणी विचारलं की काय बदललं होतं, तर त्याची नोंद कुठेच नसते.

त्यापेक्षा एक छोटी यादी करा. नवी शीट, नाव `yadi`. A2 मध्ये टाका (तुमच्या कामाच्या शीटचं नाव `kam` आहे असं धरून):

```
=UNIQUE(kam!H2:H413)
```

22 नावं खाली उतरतील. ती कॉपी करून तिथेच `Paste special > Values only` करा, म्हणजे नंतर हलणार नाहीत. मग B कॉलममध्ये प्रत्येकासमोर तुम्ही ठरवलेलं एकच नाव लिहा. हे काम हाताने, डोक्याने करायचं. 22 ओळींना पाच मिनिटं लागतात. मग कामाच्या शीटमध्ये I कॉलम:

```
=IFERROR(VLOOKUP(H2,yadi!A:B,2,FALSE),"यादीत नाही")
```

शेवटचं `FALSE` विसरू नका. ते नसेल तर `VLOOKUP` जवळपासचं नाव उचलून देऊ शकतं. आणि "यादीत नाही" हा शब्द मुद्दाम ठेवलाय. पुढच्या महिन्यात कुणी "Singdana chutney" लिहिलं तर ते गुपचूप कुठेतरी जाणार नाही, इथे वर येईल. तुम्ही यादीत एक ओळ वाढवायची, झालं.

कुठलं नाव जोडायचं आणि कुठलं नाही

हे सूत्र ठरवू शकत नाही, मालकच ठरवू शकतो. ताईंच्या फाईलमध्ये "काळा मसाला" असं काही ओळींत होतं. काही घरांत गोडा आणि काळा मसाला एकच मानतात, काही ठिकाणी ते दोन वेगळे मसाले आहेत. ताई एकच मसाला करतात, म्हणून त्यांच्याकडे दोन्ही "गोडा मसाला" झालं. तुम्ही दोन्ही वेगळे विकत असाल तर तुमच्या यादीत ते वेगळेच राहतील. दुसऱ्याची यादी कॉपी करून चालत नाही ती यामुळे.

दुसरं, तीन ओळींत नुसतं "चटणी" लिहिलं होतं, एकूण ₹600. कोणती चटणी? कोल्हापूरकडे नुसतं "चटणी" म्हटलं की कांदा-लसणाचा तिखट मसाला, आणि ताई तो करतच नाहीत. म्हणजे ग्राहकाने काय मागितलं आणि ताईंनी काय दिलं, हे ओळीवरून सांगता येत नाही. अशा वेळी अंदाजाने शेंगदाण्यात ढकलू नका. यादीत त्याच्यासमोर "तपासणे" लिहा आणि तो वेगळा गट राहू द्या. लाखात ₹600 ने निर्णय बदलत नाही. हेच तीनऐवजी पन्नास ओळी असत्या, तर आधी ताईंच्या व्हॉट्सॲपमध्ये जाऊन बघावं लागलं असतं.

आता I कॉलममध्ये सहाच नावं: पाच माल आणि "तपासणे". बेरीज अजून ₹1,00,200, ओळी 412. इथपर्यंत ठीक.

दुबार ओळी सगळ्यात शेवटी

बहुतेक जण फाईल उघडली की पहिलं `Remove duplicates` दाबतात. ते शेवटी का, हे आता दिसेल. ताईंनी ऑर्डर आली तेव्हा "शेंगदाणा चटणी" लिहिलं. मुलाने संध्याकाळी पैसे जमा झालेले बघून तीच विक्री "Shengdana chutney" म्हणून परत लिहिली. मूळ फाईलमध्ये या दोन ओळी वेगळ्या आहेत, कारण माल वेगळा लिहिलाय, नावही एकीकडे "कुलकर्णी ताई" आणि दुसरीकडे "Mrs Kulkarni". `Remove duplicates`ने मूळ फाईलमध्ये फक्त 2 ओळी पकडल्या. नावं साफ केल्यावर संशयित निघाल्या 17.

ओळख पटवायला ग्राहकाचं नाव वापरू नका, मोबाईल वापरा. पण तोही `+91`, स्पेस, मधली रेघ अशा रूपांत असतो. J कॉलममध्ये:

```
=RIGHT(REGEXREPLACE(C2&"","[^0-9]",""),10)
```

आकडे सोडून सगळं काढा आणि शेवटचे दहा ठेवा. हे सूत्र जुन्या एक्सेलमध्ये चालत नाही. तिथे `SUBSTITUTE` ने स्पेस, रेघ आणि अधिकचं चिन्ह एकेक काढा, मग `RIGHT`. कुणी मराठी अंकांत नंबर लिहिला असेल तर तो इथे पुसला जाईल, म्हणून `LEN(J2)` दहा नाही त्या ओळी एकदा नजरेखालून घाला.

मग K कॉलम:

```
=IF(J2="","",COUNTIFS(A$2:A2,A2,J$2:J2,J2,I$2:I2,I2,F$2:F2,F2))
```

तारीख, मोबाईल, माल आणि रक्कम चारही सारखी असलेली ही कितवी ओळ, ते सांगतं. 1 म्हणजे पहिली, 2 म्हणजे दुसऱ्यांदा आली. मोबाईल नसलेल्या ओळी मुद्दाम सोडल्यात. रोखीने एक-एक पाकीट नेणारे दोन अनोळखी ग्राहक एकाच दिवशी येऊ शकतात, त्यांना एक धरायचं नाही.

या सूत्राने 14 ओळी सापडल्या. पण पैसे दुसऱ्या दिवशी आले आणि मुलाने दुसऱ्या दिवसाची तारीख टाकली असेल, तर हे सूत्र ते पकडणार नाही. त्यासाठी आधी मोबाईलप्रमाणे आणि मग तारखेप्रमाणे सॉर्ट करून लागोपाठच्या ओळी डोळ्यांनी बघितल्या. आणखी 3 मिळाल्या. एकूण 17.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सारखी दिसते म्हणून ओळ दुबार नसते. एका ग्राहकाने सकाळी दोन पाकिटं नेली आणि संध्याकाळी बहिणीसाठी परत दोन नेली. तारीख, नंबर, माल, रक्कम सगळं सारखं, पण विक्री दोन. ती खोडली तर तुम्ही स्वतःचीच विक्री खोडताय. म्हणून प्रत्येक संशयित जोडी पैशाशी ताडायची. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला 12 अंकी संदर्भ क्रमांक असतो. ॲपच्या हिस्ट्रीत किंवा बँक स्टेटमेंटमध्ये त्या नंबरवरून दोन वेगळे क्रमांक दिसले तर विक्री दोन, एकच दिसला तर विक्री एक. रोखीच्या ओळींसाठी व्हॉट्सॲपची ऑर्डर बघायची.

17 पैकी 11 खरोखर दुबार निघाल्या. 5 खऱ्या दोन-दोन विक्री होत्या. एकीचा निकाल लागला नाही, ती ठेवली आणि शेजारी तसं लिहिलं. त्या 11 ओळीही पुसल्या नाहीत. L कॉलममध्ये "धरू नये" लिहिलं आणि पिव्होटच्या फिल्टरमधून ते वगळलं. उद्या ग्राहकाने "मी दोनदा पैसे दिले होते" म्हटलं तर ओळ समोर हवी.

शेवटचा ताळा

| पायरी | ओळी | बेरीज (₹) | नावं |
|---|---|---|---|
| मूळ फाईल | 412 | 98,640 | 31 |
| रक्कम दुरुस्त | 412 | 1,00,200 | 31 |
| मोकळ्या जागा | 412 | 1,00,200 | 23 |
| ऱ्य चं जोडाक्षर | 412 | 1,00,200 | 22 |
| नावांची यादी | 412 | 1,00,200 | 6 |
| दुबार वगळून | 401 | 97,320 | 6 |

शेवटच्या पायरीत बेरीज ₹2,880 ने उतरली. वगळलेल्या 11 ओळींची बेरीज वेगळी करून बघितली, ती बरोबर ₹2,880 आली. हे जुळलं नाही तर पुढे जायचं नाही.

आणि आता तोच पिव्होट, I कॉलमवर:

| माल | विक्री (₹) |
|---|---|
| शेंगदाणा चटणी | 27,680 |
| गोडा मसाला | 25,860 |
| खोबऱ्याची चटणी | 18,420 |
| जवस चटणी | 14,960 |
| कारळा चटणी | 9,800 |
| तपासणे | 600 |

जी चटणी शेवटी होती ती पहिली आली. जी दोन बंद व्हायची होती ती पहिल्या तिनात. ताईंनी दाण्याचं पोतं रद्द केलं नाही. कारळा बंद केला. जवसाचं अजून ठरलेलं नाही, कारण हा विक्रीचा आकडा आहे, नफ्याचा नाही. पाकिटामागे जवसात किती सुटतात ते काढल्यावर बघू. पण तो हिशेब करायलाही आधी हीच साफ फाईल लागते.

पुढे हे सगळं दर महिन्याला करायला लागू नये म्हणून त्यांच्या शीटमध्ये दोनच बदल केले. मालाच्या कॉलमला `Data > Data validation` मधून ड्रॉपडाउन लावला, त्यात `yadi` मधली पाच नावं, आणि चुकीचं काही लिहिलं तर घेऊ नये म्हणून `Reject the input`. दुसरं, बिल नंबरचा एक कॉलम वाढवला. ऑर्डर आली की ताई नंबर देतात, पैसे आले की मुलगा नवी ओळ न लिहिता त्याच नंबरच्या ओळीत पेमेंट भरतो. एक सावधगिरी: ड्रॉपडाउन टाइप करताना अडवतो, पण कॉपी करून पेस्ट केलेलं चुकीचं नाव कधीकधी आत शिरतं. म्हणून महिन्यातून एकदा "यादीत नाही" हा फिल्टर लावून बघायचाच.

तुमच्या फाईलमध्ये आज एवढंच करा: मालाच्या कॉलमवर `COUNTUNIQUE` लावा आणि तुम्ही प्रत्यक्षात किती प्रकारचा माल विकता तो आकडा शेजारी लिहा. दोन्हींत किती फरक आला आणि सगळ्यात जास्त नावं कुठल्या मालाला पडली, ते खाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत याच साफ फाईलवर पाकिटामागचा नफा काढू.